उत्प्रेरक चालला नाही तेव्हा: प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाविषयी

उत्प्रेरकावरच्या प्रबंधाची पहिली चार प्रकरणे साधारण ठरलेल्या वाटेने जातात. आधी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, मग पदार्थ कसा तयार केला, त्याची तपासणी कशी केली, आणि त्यानंतर अभिक्रियेच्या चाचण्या. उत्प्रेरक चालला असेल तर पाचवे प्रकरण आपोआप लिहून होते. तो चालला नसेल तर मात्र बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण दोन पानांत ‘अपेक्षित परिणाम मिळाले नाहीत, या दिशेने अधिक संशोधनाची गरज आहे’ असे लिहून मोकळे होतात. काही जण प्रबंधाचा उद्देशच मागच्या मागे बदलतात आणि जे मिळाले तेच शोधायचे होते असे भासवतात. परीक्षक म्हणून दोन्ही प्रकारचे प्रबंध माझ्या हाती येतात, आणि दोन्ही वाचताना सारखेच वाईट वाटते. आतल्या तक्त्यांमध्ये खरे ज्ञान असते आणि शेवटचे प्रकरण ते वाचकाच्या हाती लागू देत नाही.

पुढील पुस्तिका या पाचव्या प्रकरणाविषयी आहे. तिची ओळख करून देताना सर्वसाधारण सूचनांपेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणे मला बरे वाटते. त्यासाठी मी पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनपासून विजेच्या साहाय्याने अमोनिया तयार करण्याचा विषय निवडला आहे. या क्षेत्रात ‘नाही’ म्हणणे फार अवघड आहे, आणि चुकून ‘हो’ म्हणणे फार सोपे.

हवेतला नायट्रोजन अमोनियात बदलण्याचा आजचा रस्ता म्हणजे हाबर-बॉश प्रक्रिया. लोहाचा उत्प्रेरक, चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब. अलिबागजवळच्या थळ येथील खतकारखान्यातही नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून याच पद्धतीने अमोनिया आणि पुढे युरिया बनतो. दाब आणि उष्णता टाळून, साध्या तापमानाला, पाण्यातून हायड्रोजन घेऊन अमोनिया बनवता आला तर काय होईल, या कल्पनेने गेल्या दशकात जगभर शेकडो प्रयोगशाळा कामाला लागल्या. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हे रोज करतातच. त्यांच्या विकराच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतात, म्हणून या दोन धातूंच्या संयुगांकडे अनेकांचे लक्ष गेले.

आपला नमुना-प्रबंधही तिथूनच सुरू होतो. तो कोणा एका विद्यार्थ्याचा नाही. या प्रकारच्या कामात जे हमखास घडते ते एकत्र आणून, हिशेब समजावा म्हणून आकडे सोपे घेऊन मी तो रचला आहे. विद्यार्थ्याचे गृहीतक असे: मॉलिब्डेनम सल्फाइडच्या थरांत थोडे लोह घातले, तर शेजारी बसलेले लोह आणि मॉलिब्डेनमचे अणू नायट्रोजनला धरून ठेवतील आणि त्याचा तिहेरी बंध तुटायला मदत होईल. पदार्थ तयार झाला. एक्स-रे विवर्तन आणि रामन वर्णपट अपेक्षेप्रमाणे आले. लोह जाळीत बसल्याचा पुरावाही मिळाला. मग कार्बन कापडाच्या एक चौरस सेंटिमीटर तुकड्यावर ०.१ मिलिग्रॅम पदार्थ चढवून, नॅफिऑनच्या पडद्याने दुभागलेल्या काचेच्या घटात चाचणी झाली. घटात ३० मिलिलिटर द्रावण होते, विद्युतप्रवाह अर्धा मिलिअँपिअर होता, चाचणी दोन तासांची होती आणि या वेळात नायट्रोजनचे बुडबुडे सतत चालू होते.

अमोनिया मोजण्याची नेहमीची पद्धत रंगाची आहे. द्रावणाचा छोटा भाग घ्यायचा, त्यात सॅलिसिलेट, हायपोक्लोराइट आणि नायट्रोप्रुसाइड घालायचे आणि अंधारात तासभर ठेवायचे. अमोनिया असेल तर इंडोफिनॉलचा निळसर-हिरवा रंग येतो, आणि ६५५ नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण मोजून प्रमाण काढता येते. पहिल्याच इलेक्ट्रोडने दर मिलिलिटरला ०.२५ मायक्रोग्रॅम अमोनिया दाखवला.

हा आकडा किती फसवा आहे ते पाहण्यासारखे आहे. ३० मिलिलिटरमध्ये एकूण अमोनिया झाला साडेसात मायक्रोग्रॅम, म्हणजे वाळूच्या एका बारीक कणाएवढा. पण तोच आकडा दोन तासांनी आणि ०.१ मिलिग्रॅमने भागला की ‘दर तासाला दर मिलिग्रॅम उत्प्रेरकामागे ३७.५ मायक्रोग्रॅम’ होतो आणि छापण्याजोगा दिसू लागतो. अमोनियाच्या एका रेणूला तीन इलेक्ट्रॉन लागतात. घटातून गेलेला एकूण विद्युतभार ३.६ कुलोम होता. या हिशेबाने फॅरडे कार्यक्षमता साडेतीन टक्के येते. विद्युतप्रवाह जितका कमी, तितकी ही टक्केवारी फुगते, कारण छेदात बसणारा विद्युतभार लहान होतो. म्हणून शेवटच्या प्रकरणात टक्केवारीच्या आधी एकूण मायक्रोग्रॅम लिहावेत असा माझा आग्रह असतो. वाचकाला ढीग किती होता ते आधी कळले पाहिजे.

विद्यार्थ्याने पुढे जे केले त्याने प्रबंधाची दिशा बदलली. त्याने नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडून तीच चाचणी केली, आणि अमोनिया आला ०.२३. आर्गॉनमध्ये नायट्रोजन नाही, तरी अमोनिया आहे. पहिला इलेक्ट्रोड धुऊन नायट्रोजनमध्ये पुन्हा चालवला तेव्हा ०.१३ आला, तिसऱ्यांदा ०.०९. उत्प्रेरक जर खरोखर अमोनिया बनवत असेल, तर तिन्ही वेळा साधारण सारखाच बनवायला हवा होता. इथे मात्र काहीतरी साठवलेले हळूहळू संपत होते. शेवटी नवा इलेक्ट्रोड वीज न जोडता नुसता द्रावणात दोन तास बुडवून ठेवला, तरी ०.२०च्या वर अमोनिया उतरला.

साठा कुठे होता ते दुसऱ्या प्रकरणातल्या कृतीत लिहिलेलेच होते. मॉलिब्डेनमसाठी अमोनियम मॉलिब्डेट, गंधकासाठी थायोयुरिया, लोहासाठी फेरिक नायट्रेट. तिन्ही रसायनांत नायट्रोजन. अमोनियम तर थेट अमोनियाच आहे. थायोयुरियाचे तापवताना विघटन होते तेव्हा अमोनिया सुटतो. आणि नायट्रेटचा अंश राहिला असेल तर ऋण विद्युतदाबाला त्याचे अमोनियात रूपांतर होणे हे नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. या जोडीला नॅफिऑनचा पडदा अमोनियम आयन धरून ठेवतो आणि पुढच्या चाचणीत सोडतो, ही वेगळी भर. विद्यार्थ्याने मग पदार्थ नव्याने बनवला. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड गंधकाच्या वाफेत तापवले, लोहासाठी फेरिक क्लोराइड घेतले आणि दर चाचणीला नवा पडदा लावला. आता नायट्रोजनमध्ये सरासरी ०.०५ आणि आर्गॉनमध्ये ०.०४ मायक्रोग्रॅम आला. आर्गॉनच्या चाचण्या पुनःपुन्हा केल्यावर त्यांचे प्रमाण विचलन ०.०२ निघाले.

म्हणजे उत्प्रेरक चालला नाही. पाचवे प्रकरण इथून सुरू होते.

पहिल्या मसुद्यात सहसा असे वाक्य येते: ‘लोहयुक्त मॉलिब्डेनम सल्फाइड नायट्रोजनच्या क्षपणासाठी निष्क्रिय आहे.’ हे वाक्य नम्र वाटते, पण त्यातला दावा फार मोठा आहे. कोणत्याही विद्युतदाबाला, कोणत्याही द्रावणात आणि कितीही लोह असताना हा पदार्थ निष्क्रिय आहे असे कोणी तपासलेले नाही. शिवाय ‘निष्क्रिय’ म्हणजे शून्य, आणि शून्य मोजता येत नाही. जे मोजता येते ते एवढेच की अमोनिया तयार होत असेलच, तर तो अमुक प्रमाणापेक्षा कमी आहे. ते अमुक प्रमाण काढून देणे हे नकारात्मक निष्कर्षाचे मुख्य काम आहे.

आपल्या उदाहरणात ते काढायला कठीण नाही. आर्गॉनच्या चाचण्यांचे विचलन ०.०२ आहे. त्याच्या तिप्पट, म्हणजे ०.०६ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तरच तो पार्श्वभूमीपासून वेगळा मानायचा, असा रसायनशास्त्रातला रूढ निकष आहे. नायट्रोजन आणि आर्गॉन यांतला फरक ०.०१ आहे, म्हणजे निकषाच्या खूप खाली. ०.०६ला ३० मिलिलिटरने गुणले की १.८ मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर दर तासाला ०.९ मायक्रोग्रॅम किंवा सुमारे ०.८५ टक्के फॅरडे कार्यक्षमता. आता वाक्य असे होते:

‘नायट्रोजनरहित कच्च्या मालापासून बनवलेल्या लोहयुक्त मॉलिब्डेनम सल्फाइडवर, तपासलेल्या द्रावणात आणि विद्युतदाबाला, दोन तासांच्या चाचणीत नायट्रोजन व आर्गॉन यांतील अमोनियाचा फरक शोधमर्यादेच्या आत राहिला. नायट्रोजनपासून अमोनिया तयार होत असल्यास त्याचा दर ताशी ०.९ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी आहे.’

या वाक्याचा पुढच्या माणसाला उपयोग आहे. कोणी याच पदार्थावर ताशी चार मायक्रोग्रॅमचा दावा केला, तर दोन निकालांची गाठ घालता येते. कोणी ०.३चा दावा केला, तर या प्रबंधाने तो खोडलेला नाही हेही स्पष्ट राहते. ही दुसरी बाजू विद्यार्थ्यानेच लिहून ठेवावी. अर्धा टक्का कार्यक्षमतेचा उत्प्रेरक या चाचणीच्या नजरेतून सुटला असता, हे सांगण्यात कमीपणा नाही. चाचणी वीस तासांची केली आणि पार्श्वभूमी तेवढीच राहिली, तर मर्यादा दहापट खाली येईल. पण जितका वेळ जास्त, तितका पडद्यातून, वायूतून आणि प्रयोगशाळेच्या हवेतून येणारा अमोनियाही वाढतो. म्हणून मर्यादा यंत्राने नव्हे तर स्वच्छतेने ठरते, हेही तिथे एका वाक्यात आले पाहिजे.

यानंतर परीक्षक विचारणारच: तुमची चाचणी अमोनिया पाहू शकत होती का? नकारात्मक निकालाच्या बाबतीत हा सगळ्यांत न्याय्य प्रश्न आहे, आणि बहुतेक प्रबंधांत त्याचे उत्तर नसते. इलेक्ट्रोडमधून लोहाचे आयन द्रावणात उतरले तर ते रंगाच्या अभिक्रियेत अडथळा आणू शकतात. मग अमोनिया असूनही रंग उठत नाही, आणि उत्प्रेरकाचे काम चाचणीच्या दोषामुळे झाकले जाते. यावरचा इलाज साधा आहे. चाचणी संपलेल्या त्याच द्रावणात अमोनियम क्लोराइडचे माहीत असलेले प्रमाण मिसळायचे आणि ते परत किती सापडते ते पाहायचे. ०.२० मिसळले आणि मूळ प्रमाण वजा केल्यावर ०.१९ सापडले, तर डोळा शाबूत आहे. ०.१२ सापडले, तर वर काढलेली मर्यादा तेवढ्या प्रमाणात वर सरकवावी लागेल. हा एक तक्ता नसेल तर ‘उत्प्रेरक चालला नाही’ आणि ‘मोजमाप चालले नाही’ यांत फरक करता येत नाही, आणि सगळे प्रकरण अधांतरी राहते. म्हणून हा तक्ता परिशिष्टात न ढकलता निष्कर्षाच्या पहिल्या पानावर आणावा असे मला मनापासून वाटते.

त्याच जोडीने दुसरी खात्री द्यायची असते: तपासलेला पदार्थ खरोखर तोच होता. नव्या कृतीने बनवलेल्या नमुन्यात लोहाचे प्रमाण पहिल्याएवढेच होते का? चाचणीनंतर ते इलेक्ट्रोडवर राहिले की विरघळून गेले? आपल्या विद्यार्थ्याने दोन तासांनंतरचे लोह मोजलेले नसेल, तर निष्कर्षाची भाषा एक पायरी खाली आणावी आणि ‘सुरुवातीला लोहयुक्त असलेला पदार्थ’ असे लिहावे. वाचणाऱ्याला ती पायरी दिसते, आणि बाकीच्या वाक्यांवरचा त्याचा विश्वास वाढतो.

समस्थानिकांची चाचणी केली नाही म्हणून विद्यार्थी घाबरतात. नायट्रोजन-१५ हा जड नायट्रोजन सोडला आणि चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटात अमोनियमच्या तीन रेषांऐवजी दोन रेषा आल्या, तर तो अमोनिया वायूपासूनच बनल्याचा भक्कम पुरावा मिळतो. २०१९ साली ‘नेचर’मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याच पद्धतीवर उभी असलेली काटेकोर कार्यपद्धती मांडली. त्यांना जलीय द्रावणातल्या चाचण्यांत खात्रीचा अमोनिया मिळाला नाही. सेंद्रिय द्रावकात लिथियमच्या मार्गाने मात्र तो निर्विवाद मिळाला. पण लक्षात घ्यावे, की ही महागडी चाचणी ‘हो’ सिद्ध करण्यासाठी अटळ आहे. साध्या नायट्रोजनमध्येच आर्गॉनपेक्षा जास्त काही दिसत नसेल, तर ‘नाही’ म्हणण्यासाठी तिची वाट पाहायची गरज नाही. हा तर्क प्रबंधात लिहून ठेवला की मौखिक परीक्षेत बचाव करत बसावे लागत नाही. शिवाय विकत मिळणाऱ्या नायट्रोजन-१५च्या काही सिलिंडरांत मुळातच जड अमोनियम आणि नायट्रेट मिसळलेले असल्याचे २०१४ साली सागरी नायट्रोजनवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा वायू न धुता केलेली ती चाचणीही फसवू शकते.

आता कारणमीमांसा. उत्प्रेरक का चालला नाही, या प्रश्नावर विद्यार्थी सहसा पाने भरतात, आणि तिथेच सगळ्यांत कमी पुरावा असतो. आपल्या उदाहरणात खात्रीने म्हणता येते ते एवढेच: जवळपास सगळा विद्युतभार हायड्रोजन बनवण्यात गेला. तोही घटावरचा वायू मोजला असेल तरच. मॉलिब्डेनम सल्फाइडच्या थरांच्या कडा हायड्रोजन सोडण्यात तरबेज असतात हे जुने ज्ञान आहे. त्यावरून ‘कडांवरच्या जागा हायड्रोजनने व्यापल्या, म्हणून नायट्रोजनला जागा उरली नाही’ हे अनुमान रास्त आहे, पण ते अनुमान आहे. प्रबंधात ते वेगळ्या परिच्छेदात, ‘या प्रयोगांनी हे सिद्ध होत नाही’ असे स्पष्ट म्हणून यावे, आणि ते कोणत्या प्रयोगाने खोटे ठरेल तेही त्याच परिच्छेदात यावे.

हायड्रोजनचा उल्लेख आला की उद्देश बदलण्याचा मोह जवळ येतो. ‘प्रस्तुत पदार्थ हायड्रोजननिर्मितीसाठी उत्तम उत्प्रेरक आहे’ असे लिहून प्रबंध सकारात्मक करता येतो. मात्र हायड्रोजनसाठी चाचण्या आखलेल्या नव्हत्या, प्लॅटिनमशी तुलना केलेली नव्हती, टिकाऊपणा तपासलेला नव्हता. एका ओळीची नोंद म्हणून हे निरीक्षण जरूर द्यावे, पण त्याला निष्कर्षाच्या जागी बसवू नये.

या प्रबंधातली खरी मिळकत दुसरीच आहे, आणि पुष्कळदा ती विद्यार्थ्याच्याच लक्षात येत नाही. त्याने दाखवले, की अमोनियम मॉलिब्डेट, थायोयुरिया आणि नायट्रेट वापरून बनवलेला इलेक्ट्रोड वीज नसतानाही सहा मायक्रोग्रॅमहून जास्त अमोनिया द्रावणात सोडतो, आणि तीन चाचण्यांत तो निम्म्याहून कमी होतो. याच कच्च्या मालावर आधारलेले इतर दावे तपासण्यासाठी हे हत्यार आहे. सेंद्रिय रसायनात याचे चांगले उदाहरण आहे. २००३ साली निकोलस लेडबीटर यांच्या गटाने सुझुकी जोडणी संक्रमण धातूंशिवाय होते असे प्रसिद्ध केले. २००५मध्ये त्याच गटाने फेरतपासणी छापली. बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात पन्नास भाग एवढे पॅलॅडियम होते, आणि तेवढेही पुरेसे ठरत होते. पहिला दावा मागे गेला, पण इतके कमी पॅलॅडियमही जोडणी घडवते ही माहिती हाती आली. आपल्या प्रबंधातल्या अमोनियाच्या गळतीचा तक्ता त्याच जातीचा आहे. त्याला निष्कर्षात स्वतंत्र उपशीर्षक द्यावे.

मार्गदर्शक कधी म्हणतात, अपयशाचे तपशील आत राहू द्या, निष्कर्षात थोडक्यात आटपा. त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. परीक्षकाने नाराज होऊ नये एवढीच ती असते. पण आपल्याकडचे प्रबंध आता ‘शोधगंगा’वर ठेवले जातात आणि कुठूनही उघडता येतात. नकारात्मक निकालांना नियतकालिकांत जागा मिळणे कठीण, त्यामुळे हा आकडा नोंदवला जाण्याची एकमेव जागा अनेकदा प्रबंधच असते. आणि उघडणारा माणूस सारांश व शेवटचे प्रकरण एवढेच वाचतो. कृतीतले घटक, शोधमर्यादा आणि मिसळून परत मिळवलेल्या अमोनियाचे आकडे तिथे नसतील, तर दुसऱ्या कुठल्या तरी गावातला विद्यार्थी तीच तीन रसायने मागवून तोच इलेक्ट्रोड पुन्हा बनवील.

राहिले पुढील कामाचे परिच्छेद. ‘लोहाचे प्रमाण बदलून पाहावे, इतर धातू वापरून पाहावेत’ ही यादी कोणत्याही प्रबंधाच्या शेवटी चालते, म्हणून ती इथे नको. आपल्या विद्यार्थ्याच्या आकड्यांतून दोनच कामे सरळ निघतात. एक, गॅस धुण्याची बाटली जोडून पार्श्वभूमीचे विचलन ०.०२वरून खाली आणणे, म्हणजे ०.८५ टक्क्यांची मर्यादा घट्ट होईल. दोन, ज्या द्रावणात प्रोटॉनची टंचाई आहे अशा द्रावणात हाच पदार्थ तपासणे, कारण हायड्रोजनने जागा व्यापल्याचे अनुमान खरे असेल तर फरक तिथेच दिसायला हवा. तिथेही नायट्रोजन आणि आर्गॉन सारखेच राहिले, तर अनुमान सोडून द्यावे, असे प्रबंधातच लिहून ठेवावे. पुढील पानांत या प्रत्येक वाक्याचे मसुदे, दुरुस्त्यांसह, क्रमाने दिले आहेत.